मागणीची पट्टी : घरपोच गुळाच्या विक्रीत एका मागणीमागे किती खर्च सोसेल ?

गुळाचे रवे अडतीवर उतरवून घरी परतलेल्या शेतकऱ्याच्या हाती पट्टी येते. तीत वजन, भाव व एकंदर रक्कम वरच्या बाजूस, आणि हमाली, तोलाई, गाडीभाडे वगैरे वजावटी खालच्या बाजूस मांडलेल्या असतात. शेवटच्या ओळीत उरलेली रक्कम हीच त्याची खरी प्राप्ती. कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ 1895 साली वसली तेव्हापासून आमच्या गूळ उत्पादकांच्या पिढ्या ही शेवटची ओळ वाचूनच भाव पडला की पाडला हे ठरवीत आल्या आहेत. वरच्या ओळीतील मोठ्या रकमेने कोणी जाणता शेतकरी हुरळून जात नाही.

हल्ली पुष्कळ उत्पादकांनी अडतीचा मार्ग सोडून, अगर त्याच्या जोडीस, शहरातील कुटुंबांना कुरिअरने परस्पर गूळ पाठविण्यास आरंभ केला आहे. मागणी मोबाईलवर येते, पैसे पेमेंट गेटवेमार्फत खात्यात जमा होतात, आणि किलोमागे मिळणारा भाव पेठेतील भावाच्या तिप्पट दिसतो. परंतु या व्यवहारात पट्टी करून देणारा अडत्या नाही. वजावटी निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या बिलांतून व निरनिराळ्या हातांनी होतात. त्यामुळे शेवटची ओळ कोणी लिहीतच नाही. ती ओळ आपण स्वतः कशी लिहावी आणि तिच्यावरून एक मागणी मिळविण्यासाठी जास्तीत जास्त किती खर्च करता येईल हे कसे काढावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मालाची किंमत कोणती धरावी ?

प्रथम एका शब्दाचा खुलासा करणे अवश्य आहे. ग्राहकाकडून आलेल्या रकमेतून मालाची किंमत वजा केली म्हणजे जे उरते त्यास आम्ही येथे ‘वरकड’ म्हणू. या वरकडीतूनच पुढील सर्व खर्च भागवावयाचा असतो.

आता मालाची किंमत म्हणजे काय ? पुष्कळ शेतकरी येथे ऊसतोडणी, जळण व गुळव्याची मजुरी यांची बेरीज धरतात. कोणी ऊस घरचाच म्हणून काहीच धरीत नाहीत. आमच्या मते या हिशेबापुरती किंमत धरावयाची ती अशी की, तोच गूळ त्याच दिवशी पेठेत नेला असता सर्व वजावटी जाऊन किलोमागे हातात काय पडले असते. कारण घरपोच विक्रीचा लाभ हा पेठेतील विक्रीशी तुलना करूनच मोजला पाहिजे. पेठेत जे बसल्या जागी मिळणार होते तेवढेच जर एवढ्या खटाटोपानंतर मिळाले, तर खटाटोप फुकट गेला असे म्हणावे लागेल.

उदाहरणादाखल कोल्हापूर जिल्ह्यातील एका उत्पादकाची स्थिती घेऊ. येथील दर आम्ही हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. वाचकांनी त्या जागी आपापल्या बिलांतील दर घालावेत. पेठेत गूळ विकून त्याच्या हाती किलोस 45 रुपये पडतात. तीस किलोच्या रव्याऐवजी एकेक किलोच्या ढेपा पाडण्यास साचे, जास्त मजुरी व थोडी तूट मिळून किलोमागे 5 रुपये जास्त लागतात. म्हणून मालाची किंमत किलोस 50 रुपये. पुणे-मुंबईकडील ग्राहकांस तो घरपोच किलोस 160 रुपये दर लावतो. किलोमागे वरकड 110 रुपये झाली. हा आकडा पाहूनच बहुतेकांना मोह पडतो.

तीन वजावटी व त्यांचे तीन स्वभाव

वरकडीतून प्रत्येक मागणीस तीन खर्च जावयाचे असतात : बारदाना, कुरिअर आणि पेमेंट गेटवेची आकारणी. हे तिन्ही एकाच रीतीने वाढत नाहीत, आणि साऱ्या हिशेबाची मेख येथेच आहे.

बारदान्याचा खर्च काही अंशी ढेपांच्या संख्येवर व काही अंशी मागणीवर पडतो. ढेपेच्या आतील कागदास व पिशवीस 4 रुपये धरू. बाहेरचे पुठ्ठ्याचे खोके, चिकटपट्टी व पत्त्याची चिठ्ठी मात्र एक किलोस लागते तशी पाच किलोसही एकदाच लागते. खोके अधिक मजबूत घ्यावे लागते एवढेच. पावसाळ्यात गूळ दमट हवेने पाझरतो, त्यामुळे आत जाड प्लास्टिकची एक पिशवी वाढते. हा खर्च वाचवू नये. पाझरलेला एक डाग बदलून द्यावा लागला तर बारदाना व कुरिअर दोन्ही पुन्हा भरावी लागतात.

कुरिअरचा खर्च वजनावर पडतो, परंतु पायऱ्यापायऱ्यांनी. आमच्या उदाहरणात पहिल्या अर्ध्या किलोस 45 रुपये व पुढील प्रत्येक अर्ध्या किलोस अगर त्याच्या अंशास 30 रुपये असा दर आहे. जमिनीवरून जाणाऱ्या जड डागांसाठी दुसरा दर आहे : पाच किलोपर्यंत सरसकट 160 रुपये व पुढे प्रत्येक किलोस अगर त्याच्या अंशास 22 रुपये. दोहोंवर 18 टक्के जीएसटी पडतो. यात ‘अगर त्याच्या अंशास’ हे शब्द नीट वाचावेत. एक किलो गूळ बारदान्यासह सुमारे 1 किलो 150 ग्रॅम भरतो. आकारणी दीड किलोची होते. म्हणजे केवळ दीडशे ग्रॅम पुठ्ठा व कागद यांपायी करासह 35 रुपये जातात.

कुरिअरवाले केवळ तराजूचे वजन पाहतात असेही नाही. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावयाचा व त्यास बहुधा 5000 ने भागावयाचे. जे येईल ते आकारमानी वजन. काही ठिकाणी भाजक याहून लहान असतो, म्हणून तो अगोदर विचारून घ्यावा. खरे वजन व आकारमानी वजन यांपैकी जे जास्त त्यावर आकारणी होते. एक किलोची ढेप 30 × 20 × 15 सेंटिमीटरच्या खोक्यात टाकली तर गुणाकार 9000 व आकारमानी वजन 1 किलो 800 ग्रॅम; आकारणी दोन किलोची. गूळ हा भरीव जिन्नस आहे. त्याने खोके मोकळे राहिले तर आपण हवेचे भाडे भरतो असे समजावे.

तिसरी वजावट पेमेंट गेटवेची. ही रकमेवर शेकड्याने पडते. आमच्या उदाहरणात दर 2 टक्के असून त्या आकारणीवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण शेकडा 2 रुपये 36 पैसे. ही आकारणी ग्राहकाने भरलेल्या पूर्ण रकमेवर होते हे लक्षात ठेवावे. वरकडीवर नव्हे, आणि पोचविण्याचे पैसे वेगळे घेतले तर तेही तीत मोजले जातात. मागणी रद्द होऊन पैसे परत केले तरी आकारणी बहुधा परत मिळत नाही. यूपीआयने आलेल्या पैशांवर व्यापाऱ्याकडून घ्यावयाचा बँकेचा दर 1 जानेवारी 2020 पासून शून्य केलेला आहे. तथापि गेटवे आपल्या सेवेबद्दल स्वतंत्र आकार लावू शकतो. आपल्या बँकखात्याचा क्यूआर पाठवून पैसे घेतल्यास हा खर्च टळतो, परंतु कोणत्या मागणीचे पैसे आले व कोणत्याचे राहिले हे रोज हाताने जुळवीत बसावे लागते. एवढा विचार या वजावटीस पुरे. शेतकरी बहुधा हिच्याविषयीच सर्वांत जास्त तक्रार करतात, पण पुढील कोष्टकावरून ती तिघींत सर्वांत लहान आहे असे दिसून येईल.

चार मागण्यांची पट्टी

वरील दरांनी एक, दोन, तीन व पाच किलोच्या मागणीची पट्टी येणेप्रमाणे होते. पैसे सोडून पूर्ण रुपये धरले आहेत. दोन व त्याहून जास्त किलोस जड डागाचा दर स्वस्त पडत असल्याने तो लावला आहे. पाच किलोचा डाग बारदान्यासह 5 किलो 400 ग्रॅम भरत असल्याने त्याची आकारणी सहा किलोची झाली आहे.

| बाब (रुपये) | 1 किलो | 2 किलो | 3 किलो | 5 किलो |
|---|---|---|---|---|
| ग्राहकाकडून आलेली रक्कम | 160 | 320 | 480 | 800 |
| मालाची किंमत | 50 | 100 | 150 | 250 |
| वरकड | 110 | 220 | 330 | 550 |
| बारदाना | 22 | 28 | 36 | 58 |
| कुरिअर, करासह | 124 | 189 | 189 | 215 |
| गेटवे, करासह | 4 | 8 | 11 | 19 |
| शेवटची ओळ | तोटा 40 | तोटा 5 | 94 | 258 |

दर एकच, माल एकच, ग्राहकही त्याच शहरातील. तरीही एक किलोच्या मागणीत 40 रुपये खिशातून जातात व पाच किलोच्या मागणीत 258 रुपये उरतात. कारण उघड आहे. वरकड किलोच्या प्रमाणात पाचपट झाली, पण कुरिअरचा खर्च 124 वरून 215 वर, म्हणजे दुपटीच्याही आतच, वाढला. घरपोच विक्रीत नफा किलोवर नसून डागावर असतो, हे या कोष्टकाचे सार आहे.

येथे कोणी म्हणेल की, ढेपच लहान पाडून पायरी वाचवावी. तेही करून पाहू. 850 ग्रॅमची ढेप बारदान्यासह बरोबर एक किलोत बसते. त्याच दराने तिची किंमत 136 रुपये, मालाची किंमत सुमारे 43, वरकड 93. कुरिअर 89, बारदाना 22, गेटवे 3. तरीही 21 रुपये तोटा राहतोच. तोटा निम्म्यावर आला खरा, पण मिटला नाही. पायरी सांभाळणे हे शहाणपणाचे आहे. परंतु लहान मागणीचा मूळ रोग त्याने बरा होत नाही.

शेवटच्या ओळीचा अर्थ

शेवटच्या ओळीत जी रक्कम उरली ती नफा नव्हे. मागणी आपोआप येत नाही. कोणी मोबाईलवर जाहिरात देतो, कोणी शहरातील ओळखीच्या माणसास मागणीमागे दलाली देतो, कोणी पहिल्या खरेदीवर सूट देतो. हा मागणी मिळविण्याचा खर्च याच ओळीतून भागवावयाचा असतो. म्हणून शेवटची ओळ ही त्या खर्चाची कमाल मर्यादा होय. पाच किलोची एक मागणी मिळविण्यास बरोबर 258 रुपये लागले तर उत्पादकास पेठेइतकेच पैसे मिळाले. 259 लागले तर पेठ बरी होती. यास आम्ही ‘बरोबरीचा खर्च’ म्हणतो. एक किलोच्या मागणीचा बरोबरीचा खर्च शून्याच्याही खाली आहे, म्हणजे ती मागणी फुकट चालत आली तरीही परवडत नाही.

मागणीमागे प्रत्यक्ष खर्च किती झाला हे काढण्याची रीत सोपी आहे. महिन्यात जाहिरात, दलाली व सूट यांवर गेलेली एकूण रक्कम घ्यावी व तीस त्या महिन्यात प्रत्यक्ष पोचलेल्या व पैसे आलेल्या मागण्यांच्या संख्येने भागावे. नुसती चौकशी करणारे, भाव विचारून गेलेले, किंवा मागणी नोंदवून मग रद्द करणारे यांस संख्येत धरू नये.

एका महिन्याचा हिशेब

आमच्या उदाहरणातील उत्पादकाने एका महिन्यात जाहिरातीवर 6000 रुपये घातले व 30 मागण्या पोचविल्या असे समजू. मागणीमागे खर्च 200 रुपये पडला. पाच किलोचा बरोबरीचा खर्च 258 असल्याने तो मागणीमागे 58 रुपये फायदा मोजून निश्चिंत होतो. येथेच घोटाळा आहे, कारण त्या 30 मागण्यांपैकी पाच किलोच्या 16 च होत्या; उरलेल्या 14 एकेक किलोच्या होत्या.

सोळा मागण्यांत प्रत्येकी 258 प्रमाणे 4128 रुपये उरले; चौदांत प्रत्येकी 40 प्रमाणे 560 रुपये बुडाले. शिल्लक 3568 रुपये, म्हणजे सरासरीने मागणीमागे 119. हाच त्या महिन्याचा खरा बरोबरीचा खर्च होय. जाहिरातीस गेले 200. एकंदर 6000 रुपयांतून 3568 वजा जाता 2432 रुपये तूट आली.

ही तूट किलोवर आणून पाहिली म्हणजे तिचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. महिन्यात 94 किलो गूळ गेला व खात्यात 15,040 रुपये आले. पेठेत त्या गुळाचे 4230 रुपये झाले असते. मालाची किंमत म्हणून धरलेल्या 4700 रुपयांतून ढेपा पाडण्याचे 470 व तुटीचे 2432 वजा केले तर हाती 1798 रुपये राहतात. किलोस सुमारे 19 रुपये ! ज्या गुळास पेठेत 45 रुपये मिळत होते तो 160 रुपयांनी विकून शेतकऱ्याच्या पदरात 19 रुपये पडले. आणि ही गोष्ट त्याच्या ध्यानात लवकर येत नाही. कारण पंधरा हजार खात्यात येताना दिसले, आणि जाताना ते कुरिअरच्या बिलात, खोकेवाल्याच्या उधारीत व जाहिरातीच्या रोजच्या लहान कपातीत विखरून गेले.

म्हणून सरासरी काढताना मागण्या वजनाच्या वर्गाप्रमाणे निराळ्या मांडाव्यात, हा आमचा आग्रह आहे.

पोचल्यावर पैसे

कित्येक ग्राहक माल हाती पडल्यावरच पैसे देऊ म्हणतात. अशा मागणीस गेटवेचा आकार लागत नाही, पण कुरिअर पैसे गोळा करण्याबद्दल निराळा आकार घेते. तो करासह 47 रुपये धरू. पाच किलोच्या मागणीची शेवटची ओळ 258 ऐवजी 230 झाली. एवढ्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते ग्राहकाने दार न उघडल्यामुळे.

डाग परत आला तर जाण्याचे 215 रुपये गेलेच, शिवाय येण्याचेही बहुतेक तेवढेच भरावे लागतात, आणि 58 रुपयांचा बारदाना निकामी होतो. गूळ शाबूत परत आला असे धरले तरी नुकसान 488 रुपयांचे. दहा मागण्यांपैकी दोन परत आल्या तर आठांचे 1840 रुपये आले व दोहोंत 976 गेले. उरले 864, मागणीमागे 86. तीन परत आल्या तर सातांचे 1610 आले व तिहींत 1464 गेले. मागणीमागे अवघे 15 रुपये राहिले. म्हणजे तिसरा हिस्सा माल परत येऊ लागला की जाहिरातीस एक पैसाही उरत नाही. या कारणास्तव पोचल्यावर पैसे घ्यावयाच्या मागण्यांची पट्टी अगदी वेगळी ठेवावी, आणि डाग रवाना करण्यापूर्वी ग्राहकास फोन करून पत्ता व मागणी पक्की करून घ्यावी. ज्या पिनकोडातून डाग वारंवार परत येतात तेथे आगाऊ पैसे घेतल्यावाचून माल पाठवू नये.

उपाय कोणते व ते कोठवर पुरतात

पहिला उपाय हा की, किमान मागणी ठरवावी. वरील कोष्टकाप्रमाणे ती तीन किलोच्या खाली असू नये. परंतु या उपायाने काही ग्राहक जातात, हेही हिशेबात धरले पाहिजे. समजा, चौदा जणांपैकी निम्मे परत फिरले व सात जणांनी तीन किलो घेतले. सातांचे 658 व सोळांचे 4128 मिळून 4786 रुपये उरतात. मागण्या कमी होऊनही शिल्लक 3568 वरून 4786 वर गेली, हे खरे. तथापि जाहिरातीचे 6000 रुपये अद्याप भरून निघाले नाहीत. 1214 रुपये तूट राहिलीच. सबब जाहिरातीवरील खर्चही 4786 च्या आत आणला पाहिजे.

ज्यांना एक किलोच हवा आहे त्यांस नकार देण्याऐवजी पोचविण्याचे 60 रुपये वेगळे मागता येतील. गेटवेचा आकार जाऊन त्यातले सुमारे 58 हाती पडतात; 40 चा तोटा भरून 18 रुपये उरतात. ग्राहकास हा आकार जड वाटतो, पण त्यामुळेच तो पुष्कळदा तीन किलो घेण्यास तयार होतो.

दुसरा उपाय जुन्या ग्राहकाचा. एकदा गूळ आवडलेले कुटुंब पुढच्या वेळी परस्पर फोन करते. त्या मागणीस जाहिरातीचा खर्च नाही. वरील तेवीस कुटुंबांपैकी बारांनी पुन्हा पाचपाच किलो मागविला तर प्रत्येकी 258 प्रमाणे 3096 रुपये उरतात व 1214 ची तूट भरून 1882 रुपये वर राहतात. यावरून पहिल्या मागणीत बरोबरी साधून दुसऱ्या मागणीत कमवावे असा मार्ग निघतो. मात्र येथे एक धोका आहे. ‘पुढे येतीलच’ या भरवशावर आज बरोबरीच्या खर्चापलीकडे जाहिरात करणे म्हणजे न पेरलेल्या पिकावर कर्ज काढणे होय. गेल्या हंगामातील किती कुटुंबे खरोखर परत आली हे वहीत पाहून, तेवढ्यांचेच धरावे.

तिसरा उपाय अनेक घरांची मागणी एका डागात पाठविण्याचा. एका गृहसंस्थेतील सहा घरांनी पाचपाच किलो घेतल्यास तीस किलोचा एकच डाग मालवाहू गाडीने जातो. सहा खोकी, सहा चिठ्ठ्या व सहा कुरिअर बिले यांऐवजी एकेकच लागते. मात्र तो डाग उतरवून घेणारा व वाटणारा एक विश्वासू माणूस तेथे हवा. त्याला द्यावयाचा गूळ अगर पैसा हा मागणी मिळविण्याच्या खर्चात लिहावा.

कर व कायमचा खर्च

वेष्टनबंद व नामपट्टी लावलेल्या गुळास 18 जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी लागू झाला. ज्यांनी या कराची नोंदणी केली आहे त्यांनी ग्राहकाकडून आलेल्या रकमेतून हा कर प्रथम वेगळा काढावा, कारण तो आपला पैसा नव्हे. 800 रुपयांत तो सुमारे 38 रुपये होतो. उलट कुरिअर व गेटवे यांच्या बिलांत भरलेला कर त्यांस वजा मिळतो. पाच किलोच्या मागणीत तो सुमारे 36 रुपये आहे. त्यामुळे शेवटची ओळ फारशी हलत नाही. पण बिले जपून ठेवली नाहीत तर 38 जातात आणि 36 येत नाहीत.

साचे, संकेतस्थळाचे वार्षिक भाडे, तराजू यांसारखा खर्च मागणीगणिक बदलत नाही; म्हणून तो वरील पट्टीत मिसळू नये. तो वर्षाचा एकत्र मांडावा. समजा, तो 18,000 रुपये आहे आणि पाच किलोच्या मागणीत 150 रुपये जाहिरात जाऊन 108 रुपये उरतात. तर 167 मागण्या झाल्यावर तो खर्च फिटेल. त्यापुढच्या मागणीपासूनच खरा नफा सुरू होतो.

पट्टी ठेवण्याची रीत

वहीच्या एका पानावर एका आठवड्याच्या मागण्या घ्याव्यात व प्रत्येकीस एक ओळ द्यावी : वजन, आलेली रक्कम, मालाची किंमत, बारदाना, कुरिअर, गेटवे अगर वसुलीचा आकार, आणि शेवटची ओळ. कुरिअरची रक्कम दरपत्रकावरून लिहू नये. बिल आल्यावर बिलावरून लिहावी. पुष्कळदा कुरिअरच्या गोदामात डाग पुन्हा तोलला जातो व वरच्या पायरीची आकारणी मागाहून लागते. ही गोष्ट ओळखण्याची खूण अशी की, एकाच वजनाच्या दोन डागांची बिले भिन्न येतात. त्यासाठी डाग तराजूवर ठेवून त्याचे व मोजपट्टी लावलेल्या खोक्याचे छायाचित्र रवाना करण्यापूर्वीच घेऊन ठेवावे. हरकत घेण्याची मुदत थोडी असते व पुरावा नसला तर हरकत टिकत नाही. पोचल्यावर पैसे घेतलेल्या मागण्यांची रक्कम कुरिअरकडून काही दिवसांनी एकत्र येते. तीत कोणत्या डागाचे पैसे आले नाहीत हे त्याच वहीवरून जुळवावे.

महिनाअखेर प्रत्येक वजनवर्गाची शेवटची ओळ बेरजेने काढावी, परत आलेल्या डागांचे नुकसान तीतून वजा करावे, आणि येणाऱ्या रकमेस पोचलेल्या मागण्यांनी भागावे. जो आकडा येईल त्याच्या वर पुढील महिन्यात मागणीमागे एक रुपयाही खर्चू नये. गुळाचा पेठेतील भाव चढला तर मालाची किंमत चढते व हा आकडा आपोआप खाली येतो. म्हणून भाव बदलेल त्या आठवड्यात पट्टी नव्याने मांडावी. पेठेत गूळ 45 वरून 65 वर गेला की पाच किलोच्या मागणीतील 258 रुपयांतले शंभर तेथेच संपतात, आणि काल परवडणारी जाहिरात आज परवडत नाही. अशा वेळी घरपोच दर वाढवावा, अगर जाहिरात थांबवून रवे सरळ पेठेत न्यावेत.